छतातले रेडियंट पॅनल: आधी हवा कोरडी करा, मग पाणी सोडा

जुलैमधली गोष्ट. नवी मुंबईतलं एक ऑफिस, छताला पांढरे मेटलचे रेडियंट पॅनल, आणि दुपारी साडेचारला ॲडमिनवाल्या ताईंचा फोन, "तुमचं छत रडतंय हो." जाऊन बघितलं तर लिफ्ट लॉबीच्या दाराजवळच्या तीन पॅनलच्या कडेला थेंब लटकलेले, बाकी सगळं छत कोरडं. सगळ्यांचं म्हणणं एकच, पाणी फार गार सोडलंय, दोन अंश वाढवा. वाढवलं. थेंब थांबले, पण सगळ्या फ्लोअरला उकडायला लागलं. खरा दोष कुठे होता ते पुढे येईलच, पण आधी ही सिस्टीम कशी मोजायची आणि कशी चालवायची ते क्रमाने सांगतो, कारण बहुतेक लोक उलट्या टोकाकडून सुरू करतात. पॅनल आधी निवडतात, हवा शेवटी.

तत्त्व अगदी साधं आहे. पॅनलच्या मागे तांब्याच्या नळीतून १६-१७ अंशांचं पाणी फिरतं, पॅनल गार होतो आणि खालची माणसं, टेबलं, भिंती आपली उष्णता त्याला देतात. त्यामुळे खोलीतली हवा २६ असली तरी अंगाला साधारण एक अंश कमीच वाटते. पण पॅनल फक्त उष्णता घेऊ शकतो, हवेतला ओलावा नाही. स्प्लिट एसीत कॉइलवर पाणी सुटतं आणि ड्रेन पाइपने बाहेर जातं, इथे ड्रेनच नाही. म्हणून ओलाव्याचं सगळं काम वेगळ्या फ्रेश एअर युनिटचं, ज्याला आपल्याकडे साइटवर सगळे टीएफए म्हणतात. टीएफए झोपला की पॅनलवर दव पडणार, दुसरा पर्याय नाही.

पायरी १: खोलीचा ड्यू पॉइंट आधी ठरवा

ड्यू पॉइंट म्हणजे दवबिंदू, ज्या तापमानाला हवेतलं बाष्प पृष्ठभागावर पाणी होऊन बसतं ते. २६ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर तो १४.८ येतो. आपण १४.५ धरू. या ड्यू पॉइंटला एक किलो हवेत साधारण १०.३ ग्रॅम पाणी असतं. पावसाळ्यात नवी मुंबईत बाहेरचा ड्यू पॉइंट २५ च्या आसपास असतो, म्हणजे किलोमागे २० ग्रॅम. आत दहा, बाहेर वीस, हे दोन आकडे डोक्यात पक्के बसवा, बाकी सगळं यातूनच निघतं.

टक्क्यांवर कंट्रोल करू नका असं मी का सांगतो, तर तापमान एक-दोन अंश हललं की टक्के हलतात पण हवेतलं पाणी तेवढंच असतं, आणि दव टक्के बघून पडत नाही.

पायरी २: किती हवा लागेल ते ओलाव्यावरून काढा

आपलं उदाहरण घेऊ. २०० चौरस मीटरचं ऑफिस, उंची ३ मीटर, २० माणसं. बसून काम करणारा माणूस तासाला साधारण ८० ग्रॅम पाणी हवेत सोडतो, म्हणजे वीस जणांचं १६०० ग्रॅम. आता फटींतून घुसणारी हवा. तासाला खोलीच्या आकाराच्या पाचव्या भागाइतकी, म्हणजे १२० घनमीटर हवा जरी आत आली, तरी प्रत्येक किलोमागे जवळपास दहा ग्रॅम जास्तीचं पाणी घेऊन येते, आणि हिशोब तासाला तेराशे-चौदाशे ग्रॅमवर जातो. म्हणजे दारा-खिडक्यांच्या फटी जवळजवळ वीस माणसांइतकं पाणी आत आणतात! फटी नीट बंद केल्या आणि आत थोडा जास्तीचा दाब ठेवला तर हे ४०० पर्यंत येऊ शकतं. आपण तसं करणार आहोत असं धरून एकूण २००० ग्रॅम.

आता टीएफएमधून येणाऱ्या हवेचा ड्यू पॉइंट १० ठेवला तर तिच्यात किलोमागे ७.६ ग्रॅम पाणी असतं, खोलीत १०.३, म्हणजे प्रत्येक किलो हवा २.७ ग्रॅम पाणी उचलून नेईल. २००० भागिले २.७, तासाला ७४० किलो हवा, साधारण ३६५ सीएफएम, म्हणजे मिनिटाला ३६५ घनफूट. हाच ड्यू पॉइंट १२ ठेवला तर फरक फक्त १.६ ग्रॅम उरतो आणि हवा लागते ६०० सीएफएमच्या वर. दोन अंशांत हवा जवळपास पावणेदोनपट झाली, आणि त्याबरोबर डक्ट, फॅन, बाहेरची हवा गार करायचा खर्च, सगळंच वाढलं. उलट ८ वर न्यायचं म्हटलं तर हवा कमी लागते पण नेहमीच्या चिल्ड वॉटर कॉइलने तिथे पोचणं कठीण, मग हवेतला ओलावा शोषून घेणारं डेसिकंट व्हील वगैरे आलं. म्हणून मी १० वर थांबतो, ६-७ अंशांचं पाणी आणि नळ्यांच्या आठ ओळींची खोल कॉइल असेल तर ते जमतं.

आता गंमत बघा. माणसांना श्वासासाठी लागणारी ताजी हवा अ‍ॅश्रे ६२.१ या अमेरिकन व्हेंटिलेशन मानकाच्या हिशोबाने या ऑफिसला साधारण २३५ सीएफएम येते. म्हणजे ज्याने फक्त ताज्या हवेच्या नियमावर टीएफए निवडला त्याचं छत पहिल्याच पावसाळ्यात गळणार. हवा ओलाव्यासाठी मोजायची, श्वासाची गरज त्यात आपोआप बसते.

पायरी ३: मग पॅनल

पाण्याचं तापमान खोलीच्या ड्यू पॉइंटपेक्षा दोन अंश वर, म्हणजे १६.५. परतीचं १९, सरासरी पावणेअठरा. खोली २६ वर असेल तर फरक सव्वाआठ अंशांचा आणि एवढ्यात चांगला मेटल पॅनल चौरस मीटरला सुमारे ७० वॅट उष्णता उचलतो. समजा माणसं, लाइट, कॉम्प्युटर, काच मिळून खोलीचा कोरडा लोड साडेनऊ किलोवॅट आहे. टीएफएची हवा १४ अंशांवर येतेय, ती स्वतःच जवळपास अडीच किलोवॅट थंडावा देते, उरले ७. भागिले ७०, म्हणजे १०० चौरस मीटर पॅनल, छताचा अर्धा भाग. उरलेल्या अर्ध्यात लाइट, स्प्रिंकलर, डिफ्यूजर.

टीएफएची हवा परत गरम करून २२-२३ वर सोडणारे लोक आहेत, कशासाठी ते मला आजवर कळलं नाही, फुकटचा जवळपास पावणेदोन किलोवॅट घालवून वर हीटरचं बिल! फक्त डिफ्यूजर जरा बघून घ्या, हवा पटकन खोलीत मिसळेल असा घ्या, नाहीतर खालच्या माणसाच्या मानेवर गार झोत पडतो आणि डिफ्यूजरची पत्रीही घामेजते.

पश्चिमेला मोठी काच असेल तर दुपारी तिथला लोड फ्लोअरच्या चौरस मीटरला दीडशे वॅटच्या पुढे जाऊ शकतो. ७० वॅटचा पॅनल तिथे काय पुरणार. आधी काचेला बाहेरून सावली द्या, किंवा त्या पट्ट्यात सरळ फॅन कॉइल युनिट लावा, इगो आड आणू नका.

दोन तापमानांचं पाणी लागतं हे विसरू नका. टीएफएला ६-७, पॅनलला १६.५. मोठं काम असेल तर दोन चिलर, कारण जास्त तापमानाचं पाणी करणारा चिलर कमी वीज खातो आणि या सिस्टीमची खरी बचत तिथे आहे. छोट्या कामात एकच चिलर आणि मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर. पॅनलचा लूप वेगळा राहिला की चुकून सात अंशांचं पाणी थेट छतात जायची भीतीही उरत नाही.

पायरी ४: ड्यू पॉइंटचं कंट्रोल

प्रत्येक झोनमध्ये तापमान आणि आर्द्रतेचा सेन्सर, आणि त्यावरून कंट्रोलरने ड्यू पॉइंट काढायचा. प्रोग्रॅम करणाऱ्याला एवढं द्या:

```
g  = ln(RH/100) + 17.62*T/(243.12+T)
Td = 243.12*g/(17.62-g)
Tw = max(16.0, Td_max + 2.0)
```

`T` म्हणजे तापमान, `RH` म्हणजे आर्द्रतेचे टक्के, `Td` म्हणजे झोनचा ड्यू पॉइंट, `Td_max` म्हणजे चालू झोनमधला सगळ्यात जास्त ड्यू पॉइंट, `Tw` म्हणजे पॅनलला जाणारं पाणी. दोन अंशांचं मार्जिन उगाच नाही. साधा आर्द्रता सेन्सर तीन टक्के इकडेतिकडे दाखवतो, आणि २६ अंशांवर तीन टक्क्यांची चूक म्हणजे ड्यू पॉइंटमध्ये जवळपास एक अंशाची चूक. एक अंश सेन्सरने खाल्ला, उरलेला एक पाण्याच्या चढउतारासाठी. सेन्सर दरवर्षी मेच्या शेवटी चांगल्या हँड मीटरशी ताडून बघा, पावसाळ्यात वेळ मिळत नाही.

पण एक मेख आहे. एका झोनमध्ये गडबड झाली म्हणून सगळ्या फ्लोअरचं पाणी वाढवलं तर एका खोलीपायी सगळे उकडतात. म्हणून एखादा झोन ठरलेल्या हद्दीबाहेर गेला, समजा १५.५ च्या वर, तर त्या झोनचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि त्याला `Td_max` मधून वगळायचं. शेवटचा राखणदार म्हणून प्रत्येक झोनच्या सप्लाय पाइपवर क्लिपने लावायचा दव सेन्सर, जो ओल लागली की सॉफ्टवेअरला न विचारता थेट व्हॉल्व्ह बंद करतो.

हा सेन्सर पॅनलच्या तोंडावर लावू नका. पॅनलचं तोंड तुलनेने उबदार असतं, सगळ्यात गार असतो पाणी वाटून देणारा मॅनिफोल्ड, लवचिक होजचा सांधा आणि पहिल्या पॅनलची नळी, आणि हे सगळं फॉल्स सीलिंगच्या वर असतं. तिथे बाहेरची दमट हवा घुसत असेल तर खाली खोलीत ड्यू पॉइंट १४ दाखवतोय आणि वर पाइप घामेजलाय असं होतं. म्हणून एक सेन्सर पोकळीत हवाच, आणि बीमच्या वरच्या फटी, केबलची भोकं सगळी सील. पॅनलच्या पाठीवर इन्सुलेशन, होजवरही.

मीटिंग रूम वेगळी मोजा, ही चूक मी स्वतः केलीय. २५ चौरस मीटरची खोली, रोज चारजण बसतात म्हणून ६० सीएफएम दिले. एक दिवस बाराजण बसले. बाराजणांचं तासाला ९६० ग्रॅम पाणी, आणि खोलीत हवा जेमतेम ९० किलो. कागदावर हिशोब केला तर पंधरा मिनिटांत ड्यू पॉइंट १४.५ वरून साडेसोळाच्या वर जातो, म्हणजे थेट पाण्याच्या तापमानावर. कार्पेट, खुर्च्या थोडं बाष्प शोषतात म्हणून प्रत्यक्षात जरा जास्त वेळ मिळतो, पण चहा येईपर्यंत पॅनल बंद पडतोच. अशा खोलीला हवा कमी-जास्त करून १७५ सीएफएमपर्यंत देता येईल असा व्हेरिएबल बॉक्स आणि कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर लावा, माणसं आत आली की हवा आधी वाढली पाहिजे, ड्यू पॉइंट वाढल्यावर नाही.

पायरी ५: संथपणा समजून घ्या

लोक म्हणतात रेडियंट स्लो असतं. मेटल पॅनल स्वतः काही स्लो नाही, पाणी सोडल्यावर दहा-पंधरा मिनिटांत गार होतो. स्लो आहे ते दुसऱ्या कारणाने. स्प्लिट एसीला तुम्ही १६ वर टाकून जोर लावू शकता, इथे जोर लावायला जागाच नाही, कारण पाणी ड्यू पॉइंटच्या खाली नेता येत नाही. जेवढी क्षमता आहे तेवढीच, आणि समोर सगळ्या इमारतीचं वजन. फ्लोअर स्लॅबचा वरचा फक्त ५ सेंटिमीटरचा थर धरला तरी २०० चौरस मीटरमध्ये तो एक अंश उतरवायला साडेपाच किलोवॅट-तास लागतात. खोली ३० वर असताना पॅनल दहा किलोवॅटच्या आसपास देतात, म्हणजे अंशाला अर्धा तास, चार अंशांना दोन तास, तेही लाइट-माणसं काही नसताना.

त्याच्या आधी कोरडं करणं आहे. शनिवार-रविवार सगळं बंद, सोमवारी सकाळी आत ड्यू पॉइंट २२. टीएफए चालू केला तर नुसती हवा १४.५ वर यायला सव्वा तास, पण कार्पेट, जिप्सम, फायली, कागद सगळ्यांनी दोन दिवस ओल पिलेली असते, ती परत सोडत राहतात, त्यामुळे दोन-अडीच तास धरा. तोपर्यंत पॅनलचा पंप बंदच. मग दोन तास गार करायला. म्हणजे नऊच्या ऑफिससाठी पहाटे साडेचार. हे नको असेल तर सोपा मार्ग असा, सुट्टीत टीएफए आतलीच हवा फिरवत कमी स्पीडवर अधूनमधून चालवा आणि ड्यू पॉइंट १७-१८ च्या वर जाऊ देऊ नका. रात्रीही तापमान २८ च्या पुढे सोडू नका. खोल सेटबॅक देऊन, म्हणजे रात्री तापमान बरंच वर जाऊ देऊन, वीज वाचते हा स्प्लिट एसीचा हिशोब इथे लावू नका.

थर्मोस्टॅटला दीड अंश वर-खाली एवढीच मुभा द्या. कोणी १८ वर टाकलं तर काही लवकर गार होत नाही, उलट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा राहतो आणि दोन तासांनी तोच माणूस शाल घेऊन बसतो. कंट्रोल लूप ट्यून करतानाही हात आवरा, बदल केला की निदान अर्धा तास काही न करता बघत बसा. मी पहिल्या साइटवर दर पाच मिनिटांनी नंबर बदलत होतो आणि दिवसभर व्हॉल्व्ह झोका खेळत होता.

स्लॅबमध्येच पाइप गाडलेले असतील तर गोष्ट आणखी वेगळी. हैदराबादला इन्फोसिसने २०११ मध्ये एकाच इमारतीचा अर्धा भाग नेहमीच्या एअर सिस्टीमवर आणि अर्धा रेडियंट स्लॅबवर बांधला आणि रेडियंट बाजूला वीज सुमारे एक तृतीयांश कमी लागली. पण स्लॅब एकदा गार झाला की तासन् तास गार राहतो, दव पडायला लागल्यावर व्हॉल्व्ह बंद करून काही उपयोग नाही. म्हणून तिथे पृष्ठभाग मुळातच १८-१९ च्या वर ठेवायचा आणि पाण्याचा निर्णय आदल्या रात्रीच घ्यायचा. पॅनलमध्ये निदान दहा-पंधरा मिनिटांत माघार घेता येते.

पायरी ६: थेंब दिसला तर

पहिला प्रश्न, गळती की दव? त्या झोनचं पाणी एक-दोन तास २४ वर नेऊन ठेवा, दाब मात्र तसाच. दव असेल तर सुकतं, गळती असेल तर थेंब चालूच राहतो. थेंब दिसला म्हणजे गोष्ट आत्ताची नाही हेही ध्यानात घ्या, आधी पॅनलवर पातळ धुकट थर धरतो आणि थेंब पडण्याइतका जमायला बराच वेळ लागतो. म्हणून पडल्या वेळेचा नाही, आधीच्या दोन-तीन तासांचा ट्रेंड काढा.

आमच्या त्या ऑफिसात ट्रेंडमध्ये दिसलं की टीएफएची हवा बरोबर १० वर येतेय, मीटिंग रूम ठीक, फक्त लॉबीजवळच्या झोनचा ड्यू पॉइंट दुपारी तीनपासून चढतोय. मग मी जे करतो ते केलं, शिपाई काकांकडून देवाजवळची उदबत्ती मागितली आणि लॉबीच्या दाराच्या फटीत धरली. धूर बाहेर जायला हवा होता, तो सरळ आत येत होता. म्हणजे ऑफिस बाहेरची हवा ओढतंय. आम्ही टीएफएने ३६५ आत देतोय, टॉयलेटचा एक्झॉस्ट १५० घेतो, उरलेले दोनशेहून जास्त फटींतून बाहेर जाऊन दमट हवेला रोखतात, असा मूळ हिशोब होता. टॉयलेटमध्ये वास येतो म्हणून मेंटेनन्सने महिन्यापूर्वी फॅन बदलला होता. मोजला तर ४८० सीएफएम. आत ३६५, बाहेर ४८०, फरक लॉबीच्या दारातून भरून निघत होता, आणि ती लॉबी खाली थेट पार्किंगला उघडी.

एक्झॉस्टला स्पीड कंट्रोलर लावून तो १८० वर आणला, दाराला खाली ब्रश पट्टी लावली. पाणी परत १६.५ वर. लॉबीचा झोन खाली यायला त्या दिवशी संध्याकाळ झाली, दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला १४.६ होता. आता तिथल्या मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये फिल्टरच्या नोंदीखाली एक ओळ जास्तीची आहे, दर सोमवारी लॉबीच्या दारात उदबत्ती, धूर कुठे गेला ते लिहायचं.